दोन तास बाहेर जायचंय, त्यासाठी रजेचा अर्ज भरायचा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीच्या एमआयडीसीत एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये मी एकोणीस वर्षं काम करतोय. हजेरी, शिफ्ट, गेटपास, रजेचा हिशेब हे सगळं माझ्या टेबलावरून जातं. रोज कुणीतरी खिडकीशी येऊन विचारतं, "साहेब, जरा दोन तास जाऊन येऊ का? की हाफ डे टाकू?" तेच प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवतोय. प्रत्येक कंपनीचे नियम थोडेफार वेगळे असतात, तेव्हा आकडे तुमच्या टाइम ऑफिसमधून पडताळून घ्या.

परमिशन म्हणजे नेमकं काय? ती रजा आहे का?

नाही. रजा तुमच्या खात्यातून वजा होते, परमिशन होत नाही. परमिशन म्हणजे तुम्ही त्या दिवशी कामावर आहात, मधला ठरावीक वेळ मात्र साहेबांच्या संमतीने बाहेर आहात, एवढंच. कुठे तिला शॉर्ट लीव्ह म्हणतात, कुठे नुसतं गेटपास, सरकारी कचेरीत हालचाल नोंदवहीतली नोंद.

कायद्यात 'दोन तासांची परमिशन' या नावाची रजा नाही. दुकाने आणि आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे. कारखान्यांना लागू असलेल्या कायद्यात भरपगारी रजा वीस दिवस कामाला एक दिवस अशी जमते. तासांची सवलत मात्र कंपनीच्या नियमांतून किंवा वर्षानुवर्षांच्या रिवाजातून येते. आमच्याकडे ती एका वेळी जास्तीत जास्त दोन तास, महिन्यातून दोनदा अशी आहे. तिसऱ्यांदा मागितली तर मी नाही म्हणत नाही, पण ती खातेप्रमुखांकडे पाठवतो.

मग पूर्ण रजेचा अर्ज कधी लागत नाही?

काम तुमच्या जेवणाच्या सुट्टीसकट दोन-अडीच तासांत उरकत असेल, त्याच दिवशी परत कामावर बसणार असाल आणि तुमच्या जागी त्या वेळात कुणी उभं राहू शकत असेल, तर रजेचा अर्ज भरायची गरज नाही. तोंडी विचारणं, साहेबांचा होकार आणि गेटवरची नोंद पुरते.

यातल्या 'त्याच दिवशी परत' या अटीवर बहुतेक लोक फसतात. पुण्यात काम पाऊण तासाचं असतं आणि रस्ता दोन तासांचा. खाली एक प्रकरण सविस्तर सांगतो, त्यातून हे नीट दिसेल.

दोन तास पुरतील की नाही हे आधी कसं ठरवायचं?

आमच्या स्टोअरमधल्या एका ताईंचंच उदाहरण घेतो. २८ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार. सकाळी साडेआठला पंच करून त्या थेट माझ्याकडे आल्या, चेहरा उतरलेला. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले होते. ते गेल्यापासून आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. गुरुवारी साप्ताहिक सुट्टी होती (भोसरी-पिंपरीच्या बऱ्याच कारखान्यांना ती गुरुवारीच असते). त्या दिवशी त्यांनी घरबसल्या फोनवरून जीवन प्रमाण हा ऑनलाइन दाखला काढला. काम झालं असं समजून त्या निश्चिंत होत्या, पण रात्री दाखला नाकारल्याचा संदेश आला. रविवारी तीस तारीख. हातात शुक्रवार आणि शनिवार, दोनच दिवस.

"उद्या दोन तासांची परमिशन द्या," त्या म्हणाल्या. मी विचारलं, बँक कुठे? तर सदाशिव पेठेत, कारण पूर्वी घर तिथे होतं. आता राहतात भोसरी गावात.

मी कागद घेतला आणि आम्ही दोघांनी मिळून वेळ मांडला. कारखान्यातून घरी दहा मिनिटं. आईला घेऊन रिक्षाने नाशिक फाट्याच्या मेट्रो स्थानकापर्यंत पंधरा. तिथून मंडईपर्यंत साधारण पंचवीस. मंडईहून बँकेपर्यंत पुन्हा रिक्षा, दहा. म्हणजे जायलाच एक तास, आणि तोही वाट न बघता. बँकेत पाऊण तास धरा. परत यायला तेवढाच तास. पावणेतीन तास सरळ झाले, आणि सत्तरी ओलांडलेल्या बाईंना जिने-रिक्षा करत घेऊन जायचं असेल तर तीनच धरायला हवेत. दोन तासांच्या परमिशनमध्ये हे बसत नाही. दोन तास म्हणून निघायचं आणि साडेतीन तासांनी यायचं, असं झालं की पुढच्या वेळी साहेबांचा विश्वास राहत नाही.

हाफ डे टाकता आला असता. पण मी त्यांना एक गोष्ट विचारली: त्याच शाखेत जायला हवं का? पेन्शन देणाऱ्या बँकेच्या कुठल्याही शाखेत हयातीचा दाखला देता येतो, तशा रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. त्याच बँकेची शाखा भोसरीत, त्यांच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. त्यांनी तिथे फोन केला. दाखला घेतो म्हणाले. पासबुक, आधार आणि पेन्शनच्या आदेशाचा पीपीओ नंबर आणा, आणि दुपारी या खिडकीला गर्दी कमी असते, हेही सांगितलं. शनिवारी बँक उघडी होती, कारण तो महिन्यातला पाचवा शनिवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, हे परमिशन मागताना लोक हमखास विसरतात.

आता पुन्हा हिशेब. कारखाना ते घर स्कूटरवरून दहा मिनिटं, घर ते बँक दहा, बँकेत चाळीस, आईला घरी सोडायला दहा, परत यायला दहा. ऐंशी मिनिटं. आम्ही नव्वद धरली: बारा ते दीड. आमची जेवणाची सुट्टी साडेबारा ते एक, ती त्यातच आली. म्हणजे परमिशनची खरी वेळ भरली फक्त एक तास. रजेचा एकही दिवस गेला नाही, पगाराचा रुपया कापला गेला नाही. त्या एक वीसला परत आल्या, दाखला दिल्याची सही-शिक्क्याची पोच हातात घेऊनच. ही पोच बँकेने द्यायचीच असते, ती न घेता खिडकी सोडू नये.

कुणाला विचारायचं, टाइम ऑफिसला की साहेबांना?

आधी तुमच्या थेट वरिष्ठांना, मगच टाइम ऑफिसला. मी फक्त नोंद करतो. तुमची जागा रिकामी राहिली तर काम अडेल की नाही हे मला कसं कळणार?

कंत्राटी कामगारांनी दोघांना विचारायचं: ठेकेदाराच्या सुपरवायझरला आणि ज्या खात्यात काम करता तिथल्या साहेबांना. तुमची हजेरी ठेकेदाराच्या मस्टरवर असते, पण गेट आमचं. एकालाच विचारून निघालेल्या मुलांची अर्ध्या दिवसाची हजेरी गेलेली मी पाहिली आहे, आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण त्यांच्या पगारात ते अंतर मोठं असतं.

मेसेज कसा लिहावा?

थोडक्यात, पण चार गोष्टी त्यात हव्यातच: निघायची वेळ, परत यायची वेळ, मोघम कारण आणि तुमच्या जागी कोण. त्या ताईंनी आमच्या स्टोअर प्रमुखांना शुक्रवारी पाठवलेला मेसेज मला दाखवला होता. मी तो इतरांनाही दाखवतो:

"सर, उद्या शनिवारी दुपारी १२ ते १.३० बाहेर जायची परमिशन हवी आहे. आईचा हयातीचा दाखला भोसरी शाखेत द्यायचा आहे, ३० तारखेच्या आत द्यावा लागतो. १२ च्या आत लाइनचं दुपारचं मटेरियल काढून ठेवते. त्या वेळात स्टोअरची किल्ली हेल्परदादांकडे असेल, त्यांच्याशी बोलले आहे. १.३० पर्यंत जागेवर येते."

यात 'प्लीज प्लीज' नाही, घरच्या अडचणींची लांबण नाही. साहेबांनी उत्तरात फक्त "ओके" लिहिलं. तेवढंच मला पुरतं. "जरा बाहेर जाऊन येतो" असं लिहिलं असतं तर चार उलटे प्रश्न आले असते.

आदल्या दिवशी सांगणं सर्वांत चांगलं. ऐनवेळी निघावं लागलं, शाळेतून मुलाला ताप आल्याचा फोन आला, तर आधी फोन करा आणि मेसेज नंतर टाका. अशा वेळी कुणी अडवत नाही.

कारण किती सांगायचं?

साहेबांना वेळेचा अंदाज येईल इतकंच. 'बँकेत काम', 'मुलाच्या शाळेत पालकसभा', 'दवाखान्यात जायचंय' हे पुरेसं आहे. कुठला डॉक्टर, कशासाठी, हे विचारायचा अधिकार मला नाही, आणि महिला सहकाऱ्यांना तर ते कधीच विचारू नये. मात्र खोटं कारण देऊ नका. पुण्यात कुणी ना कुणी ओळखीचं रस्त्यात भेटतंच.

गेटवर नोंद नाही केली तर काय बिघडतं? साहेबांनी तर हो म्हटलंय.

बरंच बिघडतं, आणि माझ्या कामातला हाच भाग लोकांना सर्वांत फालतू वाटतो.

पहिलं म्हणजे पंच. बहुतेक यंत्रणांना दिवसाला येण्याचा आणि जाण्याचा पंच जुळवायचा असतो. तुम्ही मधेच बाहेर जाताना पंच केला आणि परत येताना विसरलात, तर यंत्राच्या मते तुम्ही बारा वाजता घरी गेलात. त्या दिवशी अर्धा दिवस गैरहजर दिसतो. महिनाअखेरीस पगार कमी आला की लोक माझ्याकडे येतात, आणि तेव्हा गेटपासची प्रत असेल तरच मी ते दुरुस्त करू शकतो. प्रत नसेल तर साहेबांचा जुना मेसेज शोधत बसावं लागतं.

दुसरी गोष्ट जिवाची. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आगीच्या सरावाचा भोंगा वाजला. सगळे मैदानातल्या जमण्याच्या जागी आले, हजेरी घेतली, एक माणूस कमी. हजेरीपटावर तो आत होता. दोन सुरक्षारक्षक आणि आमचा सेफ्टी ऑफिसर त्याला शोधायला पेंट शॉपमध्ये परत शिरले. तो माणूस साहेबांना सांगून, पण गेटपास न घेता, मागच्या गेटने बँकेत गेला होता. तो सराव होता म्हणून ठीक. खरी आग असती तर त्या तिघांना कशासाठी आत पाठवलं असं झालं असतं. तेव्हापासून मी गेटपासशिवाय कुणालाही सोडत नाही, मग तो माझा कितीही जवळचा असो.

तिसरी गोष्ट अपघाताची. परमिशनच्या वेळात खासगी कामाला जाताना रस्त्यावर काही झालं, तर तो कामावरचा अपघात आहे की नाही हा प्रश्न उभा राहतोच. निघाल्याची आणि परतल्याची वेळ नोंदलेली असली तर निदान खरं काय ते कागदावर असतं. नसली तर तुमचे घरचे आणि कंपनी दोघंही अंदाजाने बोलत राहतात.

परमिशनची वेळ नंतर थांबून भरून देऊ का?

कार्यालयात, आयटीत, हे सहज चालतं. हिंजवडीत काम करणारे माझे भाचे तर सकाळी लवकर लॉगिन करून वेळ भरतात आणि टीमला कॅलेंडरवर कळवतात, गेटपासचा प्रश्नच नाही.

कारखान्यात मात्र जरा थांबा. ठरलेल्या तासांपलीकडे काम झालं की ते ओव्हरटाइम ठरतं आणि त्याचा दर दुप्पट असतो. "मी उद्या एक तास जास्त थांबतो" असं तुम्ही प्रेमाने म्हणता, पण माझ्या नोंदीत तो तास उद्याच्या दिवसाला चिकटतो. तपासणीला आलेले अधिकारी कालचं उधार उद्या फेडलं असं धरत नाहीत. म्हणून आम्ही भरपाई घेतली तर त्याच दिवशी, आणि दिवसाचे एकूण तास वाढणार नाहीत अशीच घेतो.

एक तास बाहेर गेलो तर अर्ध्या दिवसाचा पगार कापता येतो का?

वेतनाच्या कायद्यातलं तत्त्व साधं आहे: गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर वेळेच्या प्रमाणाबाहेर असता कामा नये. समजा आठ तासांच्या दिवसाला ८०० रुपये मिळतात. एक तास विनापगार धरला तर कपात १०० रुपये. चारशे कापले तर तुम्ही केलेल्या तीन तासांच्या कामाचे पैसे गेले, आणि ते योग्य नाही. (दहा किंवा जास्त जणांनी ठरवून, न सांगता काम सोडलं तर नियम वेगळा आहे, ती बाब इथली नव्हे.)

रजेच्या खात्यातून अर्धा दिवस वजा करणं ही पगारकपातीपेक्षा निराळी गोष्ट आहे. तुमच्या कंपनीच्या नियमात तसं लिहिलेलं असेल तर तो हाफ डे धरतात, मात्र मग उरलेला वेळ तुमचा असतो. एक तासासाठी हाफ डे टाकायला लावला असेल तर त्या दिवशी घाईने परतण्याची गरज नाही, आणि हे साहेबांना नम्रपणे सांगायला हरकत नाही.

कुठल्या वेळेसाठी परमिशन मागावीच लागत नाही?

अशा तीन वेळा आहेत. जेवणाची सुट्टी ही तुमची आहे. सलग ठरावीक तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती कायद्याने मिळते. बाहेर पडताना गेटची नोंद मात्र तेव्हाही करायची.

मतदानाच्या दिवशी मतदारांना भरपगारी सुट्टी असते. पूर्ण सुट्टी देणं शक्य नसलेल्या ठिकाणी महाराष्ट्रात मतदानापुरती दोन-तीन तासांची सवलत द्यायचे आदेश निघतात. ही साहेबांची मेहरबानी नव्हे, त्या वेळेसाठी अर्ज भरायला लावू नये.

आणि बाळंतपणाच्या रजेवरून परतलेल्या आईला, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, रोजच्या विश्रांतीशिवाय दोन वेळा बाळाला पाजायला जाण्याची सुटी असते. आमच्या कँटीनमधली एक मुलगी यासाठी परमिशन मागत होती आणि दोनच मिळतात म्हणून महिन्यातले बाकीचे दिवस गप्प बसत होती. मला ते कळलं तेव्हा फार लाज वाटली. आता त्या नोंदी परमिशनच्या रजिस्टरात येतच नाहीत.

परमिशन न मागता सरळ रजाच टाकावी अशी कामं कुठली?

ज्यांची वेळ तुमच्या हातात नाही ती. दस्त नोंदणीला साक्षीदार म्हणून गेलात तर नंबर कधी लागेल सांगता येत नाही. कोर्टाची तारीख तशीच. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अपॉइंटमेंट वेळेची मिळते खरी, पण आत तीन टप्प्यांच्या खिडक्या असतात आणि भोसरीहून मुंढवा आधीच लांब. तिथे मी लोकांना हाफ डेच सुचवतो. रात्रपाळीवाल्यांनाही सांगतो की दिवसा काम असेल तर झोप मोडून करू नका, मशीनवर उभं राहायचंय, सुट्टी घ्या.

साहेब नाही म्हणाले तर?

वेळ बदलून विचारा. आमच्याकडे सकाळी साडेआठ ते दहा लाइन सुरू होत असते आणि चारनंतर डिस्पॅच असतो, त्या वेळेत बहुधा नकारच येतो. बारा ते दोन मागितलं की बहुधा होकार. दोनदा नकार आला आणि कामाला शेवटची तारीख असेल, तर ती तारीख लिहून खातेप्रमुखांना पाठवा. न सांगता मात्र निघू नका.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

गेटवर आत यायची वेळ लिहा, पंच करा आणि ज्यांना जागेवर उभं केलं होतं त्यांच्याकडून काम परत घ्या. त्या ताईंनी शनिवारी किल्ली घेतली आणि दीड तासात कुठलं मटेरियल बाहेर गेलं ते हेल्परदादांसोबत रजिस्टरवर टिपून घेतलं. दोन बेअरिंग लिहायचे राहिले होते, ते तेव्हाच सापडले.